अंगठी प्रवासात हरवली, तर विमा कंपनीला काय लिहाल?

प्रवासात दागिना हरवल्यावर विमा कंपनीला जाणारी बहुतेक पत्रे एकाच साच्यातली असतात. अंगठी कुणी दिली, तिच्यात किती जीव गुंतला होता, केवढ्याला घेतली, आज सोन्याचा भाव कुठे पोचलाय, यावर दोन पाने खर्ची पडतात. ती गेली कशी, हे मात्र एका ओळीत उरकलेले असते: ‘प्रवासात अंगठी हरवली, तरी कृपया भरपाई मिळावी.’ वाचकांचे प्रश्नही त्याच अंगाने येतात. बिल नाही, चालेल का? आजचा भाव मिळेल का? हे प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे पुढे येतील. पण दाव्याचे भवितव्य मुख्यतः त्या उरकून टाकलेल्या एका ओळीवर ठरते. किमतीचा वाद शेवटी सराफाचा कागद आणि पॉलिसीतला आकडा यांत मिटतो. पॉलिसीने मान्य केलेल्या रीतीने, मान्य केलेल्या ठिकाणी आणि मुदतीत अंगठी गेली का, हे मात्र तुम्ही लिहिलेल्या शब्दांखेरीज दुसऱ्या कशातूनच कंपनीला कळत नाही. तेव्हा पत्राचा सर्वांत जास्त ऐवज त्याच भागात हवा.

आधी बघा: दावा नेमक्या कोणत्या पॉलिसीवर बसतो?

‘प्रवासात हरवली’ म्हटले की लोक सरळ प्रवास विम्याकडे वळतात, आणि पहिली निराशा तिथेच होते. परदेश प्रवासाच्या पॉलिसीत सामानाचे संरक्षण असते, पण ते सहसा विमान कंपनीच्या ताब्यात दिलेल्या बॅगांपुरते. दागिने, रोकड, घड्याळे अशा मौल्यवान वस्तू बहुतेक पॉलिसींत नाव घेऊन वगळलेल्या असतात. घराच्या विम्याचीही गत सरसकट चांगली नाही. १ एप्रिल २०२१ पासून सर्व कंपन्या देतात ती ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आग, पूर, वादळ, भूकंप अशा आपत्तींसाठी आहे. तिच्यात चोरीचा उल्लेख आहे तो अशा आपत्तीमुळे, आपत्तीनंतर सात दिवसांत झालेल्या चोरीपुरता. गाडीत बोटातून पडलेली अंगठी तिच्या चौकटीत येत नाही. सराफ खरेदीबरोबर वर्षभराचा विमा ‘मोफत’ देतात, तोही अनेकदा चोरी-दरोड्यापुरताच असतो.

अशी अंगठी बसू शकते ती मुख्यतः घरमालकांच्या सर्वसमावेशक पॉलिसीतल्या दागिन्यांच्या विभागात. या विभागाला ‘ऑल रिस्क’ म्हणतात. त्यात दागिन्यांची यादी जोडलेली असते आणि घराबाहेरही संरक्षण असते. मात्र ‘ऑल रिस्क’ या नावावर विसंबू नका, कारण अपवादांची यादी त्याच पानाच्या मागे असते. पत्र लिहायला बसण्यापूर्वी पॉलिसीचे शेड्यूल आणि अटी दोन्ही समोर ठेवा आणि एवढे शोधा:

- ही अंगठी यादीत स्वतंत्रपणे नोंदलेली आहे का, की सगळ्या दागिन्यांची मिळून एकच रक्कम आहे?
- संरक्षण फक्त घरात, भारतभर की जगभर?
- केवळ चोरीसाठी आहे, की अपघाताने हरवण्यासाठीही? ‘कारण न सांगता येणारे गहाळ होणे’ वगळले आहे का?
- कळवण्याची मुदत किती, आणि तुमच्या वाट्याची वजावट किती?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘केवळ चोरी’ असे निघाले आणि तुमची अंगठी पडून हरवली असेल, तर पत्र कितीही कसबाने लिहा, पैसे मिळणे कठीण. हे आधीच कळलेले बरे. कारण नाहीतर पुढच्या परिच्छेदातला मोह होतो.

‘हरवली’ लिहू की ‘चोरीला गेली’?

ओळखीचे लोक हमखास सल्ला देतात, ‘चोरी लिहा, म्हणजे काम होईल.’ तुम्ही चोरी होताना पाहिली नसेल, पर्स फाडलेली किंवा बॅगेचे कुलूप तोडलेले नसेल, तर असे लिहू नका. नीतीचा मुद्दा बाजूला ठेवला तरी व्यवहाराच्या दृष्टीनेही हा सल्ला तोट्याचा आहे. घटनेचे वर्णन तुम्ही एकदाच करत नाही. रेल्वेच्या हेल्पलाइनवर करता, पोलिसांकडे करता, कंपनीच्या फोनवर करता, क्लेम फॉर्मवर करता आणि शेवटी सर्व्हेअरपुढे करता. पहिल्या फोनवर ‘कुठे पडली कळत नाही’ म्हणालेली व्यक्ती आठवड्याने ‘चोरली’ म्हणाली, की सर्व्हेअरला अंगठीची किंमत तपासायची गरजच उरत नाही. खोटे विधान हे जवळपास प्रत्येक पॉलिसीत दावा पूर्णपणे फेटाळण्याचे कारण असते, आणि पोलिसांना खोटी माहिती देणे हा वेगळा गुन्हा आहे.

उलट टोकाची चूकही तितकीच महाग पडते. ‘कधी, कुठे, कशी हरवली काही सांगता येत नाही’ असे हात झटकून लिहिले, तर ज्या पॉलिसीत अनाकलनीय गहाळ होणे वगळले आहे तिथे तुम्ही स्वतःच कंपनीच्या हातात अपवाद ठेवता. खरी वाट या दोहोंच्या मध्ये आहे आणि ती अगदी साधी आहे. अंगठी शेवटची खात्रीने कधी पाहिली आणि नाही हे प्रथम कधी लक्षात आले, या दोन वेळा लिहा. त्यांच्या दरम्यान तुम्ही कुठे होता आणि हाताने काय काय केले, ते लिहा. मग त्यावरून सर्वांत संभवनीय काय, ते ‘संभवनीय’ म्हणूनच लिहा.

यावर एक रास्त आक्षेप येतो: जी गोष्ट डोळ्यांदेखत घडली नाही, ती सिद्ध कशी करायची? उत्तर असे की शंभर टक्के पुरावा तुमच्याकडे कुणी मागत नाही, मागता येतही नाही. दिवाणी स्वरूपाच्या वादात कोणती शक्यता अधिक वजनदार, एवढेच बघितले जाते. वेळेची चौकट जितकी अरुंद, तितकी शक्यता ठाशीव. ‘चार दिवसांच्या सहलीत कुठेतरी’ आणि ‘सकाळी ७ ते ८.१० च्या दरम्यान, बर्थ आणि वॉशबेसिन यांच्यामध्ये’ ही दोन विधाने सारखीच प्रामाणिक असू शकतात, पण दुसऱ्याचे वजन कितीतरी जास्त आहे. कारण ते तपासता येते.

एक प्रसंग कल्पून पाहा. एक बाई रात्रीच्या गाडीने दादरहून कुडाळला निघाल्या. गाडी सुटल्यावर बहिणीने फोनवर काढलेल्या फोटोत अंगठी बोटात स्पष्ट दिसते. सकाळी सातला साबणाने तोंड-हात धुताना ती बोटात होती, हे त्यांना पक्के आठवते, कारण साबणामुळे ती सरकली आणि त्यांनी मागे ढकलली. आठ वाजून दहा मिनिटांनी चहाचा कप घेताना बोट रिकामे. मग बर्थखाली शोध, चादरी झटकणे, बेसिनची जाळी पाहणे, डब्यातल्या कर्मचाऱ्याला विचारणे, आणि ८.४० ला १३९ वर तक्रार. इथे चोरीचा पुरावा काहीच नाही, तरी हरवण्याचा वृत्तांत भक्कम आहे. साबणाने सरकलेली सैल अंगठी सत्तर मिनिटांच्या आत चालत्या गाडीत पडली, हे कुणालाही पटण्यासारखे आहे.

आता यातला नाजूक मुद्दा: अंगठी सैल होती, हे लिहायचे का? अनेकांना वाटते की हे कबूल केले तर ‘निष्काळजीपणा’ म्हणून दावा जाईल. माझ्या मते लिहायलाच हवे, आणि ते दोन कारणांनी. पहिले असे, की ते काढून टाकले तर अंगठी पडली कशी याचे कारणच उरत नाही आणि घटना पुन्हा अनाकलनीय होते. दुसरे असे, की पॉलिसीतली ‘वाजवी काळजी’ची अट म्हणजे कधीच न चुकण्याची अट नव्हे. माणूस कधी चुकलाच नाही, तर हरवण्याचा विमा घ्यायचा कशाला? रात्रभर अंगठी बेसिनच्या कडेला ठेवून झोपी जाणे वेगळे, आणि घातलेली अंगठी घसरून पडणे वेगळे. हा फरक पत्रात तुम्हीच दाखवून द्या. तो कंपनीने शोधून काढावा अशी अपेक्षा ठेवू नका.

पहिल्या दिवसाची कामे

पत्र नंतर सावकाश लिहिता येते, पण त्याला जोडायचे कागद पहिल्या दिवशीच जन्माला घालावे लागतात.

1. गाडीतूनच १३९ वर किंवा ‘रेल मदद’वर तक्रार करा आणि तिचा क्रमांक जपा. रेल्वेकडून भरपाईची आशा ठेवू नका. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १०० प्रमाणे प्रवाशाने स्वतःजवळ बाळगलेल्या सामानाला रेल्वे जबाबदार धरायची, तर तिचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. या तक्रारीचा उपयोग वेगळा आहे: घटनेची वेळ सांगणारा हा तिऱ्हाइताकडचा पहिला कागद असतो.
2. लोहमार्ग पोलिसांकडे किंवा उतरलात तिथल्या पोलीस ठाण्यात गहाळ झाल्याची नोंद करा. चोरीचा खरोखर संशय असेल तर गुन्हा नोंदवण्याचा आग्रह धरा. हद्द कुणाचीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्याला घ्यावी लागते, अशी तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. गुन्ह्याच्या नोंदीची प्रत मोफत मिळते. पोलिसांच्या संकेतस्थळावरची ऑनलाइन गहाळ नोंद काहीच नसण्यापेक्षा बरी, पण तिच्यामागे तपास नसतो, म्हणून शिक्क्याचा कागद मिळवायचा प्रयत्न जरूर करा.
3. विमा कंपनीला त्याच दिवशी ईमेल करा आणि क्लेम नंबर घ्या. दोन ओळी पुरतात. नुसता एजंटला फोन करून थांबू नका.

उशीर झालाच असेल तर दावा सोडून देऊ नका. खऱ्या दाव्याला केवळ उशिरा कळवल्याच्या कारणावरून यांत्रिकपणे नकार देऊ नये, असे विमा नियामकाने २०११ च्या परिपत्रकात कंपन्यांना सांगितले आहे. वाहनचोरीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये, पोलिसांकडे तातडीने तक्रार झाली असेल तर कंपनीला कळवायला झालेल्या विलंबामुळे दावा नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला. मात्र उशिराचे कारण पत्रात लिहा, आणि शक्य असल्यास त्याचा कागद जोडा.

अंगठी होती आणि ती तुमचीच होती

मालकीच्या पुराव्यात लोक एका बिलावर अडून बसतात. बिल उत्तमच, पण त्याचे खरे मोल त्यावरच्या तपशिलांत आहे. हॉलमार्क असलेल्या दागिन्याच्या बिलावर सोन्याचे निव्वळ वजन आणि शुद्धता असायला हवी. एकूण वजन आणि निव्वळ वजन यांतला फरक म्हणजे खड्यांचे वजन, आणि हा हिशेब सर्व्हेअर करून बघतो. हिऱ्याचा एक कॅरेट म्हणजे ०.२०० ग्रॅम. अंगठीचे एकूण वजन ४.९०० ग्रॅम, निव्वळ सोने ४.८०० ग्रॅम आणि हिरा अर्ध्या कॅरेटचा असेल, तर आकडे तंतोतंत जुळतात. तुमच्या पत्रात ‘पाच ग्रॅम सोने आणि एक कॅरेटचा हिरा’ अशी ढोबळ भाषा आली, तर बिल खरे असूनही पत्र खोटे दिसते.

१ एप्रिल २०२३ पासून सराफाला सहा अक्षरांकी एचयूआयडी नसलेला हॉलमार्कचा सोन्याचा दागिना विकता येत नाही. हा क्रमांक प्रत्येक नगाचा वेगळा असतो आणि ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकला की शुद्धता, दागिन्याचा प्रकार आणि सराफाची नोंदणी दिसते. तुमच्या बिलावर तो नसेल तर सराफाकडे त्याच्या वहीतून शोधून मागा. मात्र या क्रमांकातून मालक कळत नाही. म्हणजे तो बिलाचा जोडीदार आहे, पर्याय नव्हे. हिऱ्याचे प्रमाणपत्र असेल तर त्याचा क्रमांकही द्या. अनेक प्रमाणित हिऱ्यांच्या कडेवर तोच क्रमांक लेझरने कोरलेला असतो, आणि अंगठी पुढेमागे सापडली तर ती तुमचीच हे त्यावरून ठरते.

आणि आजीकडून आलेली, बिलाचा पत्ता नसलेली अंगठी? अशा वेळी एका बलदंड पुराव्याऐवजी परस्परांशी जुळणारे तीन-चार लहान पुरावे उभे करा. पॉलिसी घेताना दिलेले मूल्यांकन पत्र, सोन्यावर कर्ज काढले असेल तर त्या वेळचा वजनाचा कागद, मृत्युपत्रातली किंवा वाटणीपत्रातली नोंद, समारंभातले फोटो. यांत एक कागद लोक नेहमी विसरतात: अंगठी सैल किंवा घट्ट करून घेतल्याची पावती. किरकोळ रकमेची असली तरी तिच्यावर सराफाने तारीख, वजन आणि कधी कधी खड्याचे वर्णन लिहिलेले असते. नुसते प्रतिज्ञापत्र मात्र फार ओझे पेलत नाही, कारण ते तुमचेच म्हणणे स्टॅम्प पेपरवर आलेले असते.

फोटो पाठवताना मूळ फाइल ईमेलने पाठवा. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पुढे ढकललेल्या प्रतीत, तो कधी काढला याची आतली नोंद पुसली जाते, आणि इथे फोटोची सगळी किंमत त्या वेळेत आहे.

किंमत: कोणती मागावी आणि किती मिळेल?

‘आजच्या भावाने मिळेल का’ याचे सर्वसाधारण उत्तर असे: हरवण्याच्या दिवशीची बाजारकिंमत आणि पॉलिसीत लिहिलेली विमा रक्कम, यांत जी कमी ती. काही पॉलिसींत आधीच ठरवलेले मूल्य मान्य केलेले असते, तिथे हा खल होत नाही. बाकी ठिकाणी पत्रात किंमत एकरकमी न लिहिता फोडून लिहा. वर सांगितलेल्या अंगठीचाच हिशेब करू. दर फक्त समजण्यासाठी धरले आहेत. तुम्ही त्या दिवसाचा खरा दर घ्या आणि तो कुठून घेतला ते लिहा.

- १८ कॅरेट सोने ४.८०० ग्रॅम, दर ₹९,००० प्रतिग्रॅम: ₹४३,२००
- घडणावळ: ₹७,२००
- ०.५० कॅरेट हिरा, सराफाच्या लेखी दरपत्रकाप्रमाणे: ₹५८,०००
- बेरीज ₹१,०८,४००, त्यावर ३ टक्के जीएसटी ₹३,२५२
- एकूण: ₹१,११,६५२

अशी फोड केल्याचा फायदा असा की घडणावळ किंवा जीएसटी देण्याबद्दल कंपनीने वाद घातला, तरी सोने आणि हिरा यांची रक्कम वादाबाहेर राहते. २२ कॅरेटचा भाव १८ कॅरेटच्या अंगठीला लावणे ही नेहमीची चूक आहे. हिऱ्याचा भाव सोन्याबरोबर वाढतो असे धरून चालणे ही दुसरी. वरचा हिरा खरेदीच्या वेळी ₹६०,००० ला घेतलेला असेल, तर आजचे दरपत्रक त्याहून कमी येऊ शकते आणि तेच लिहावे लागते.

आता पॉलिसीतल्या रकमेकडे वळू. यादीत ही अंगठी स्वतंत्रपणे ₹८६,५०० ला नोंदली असेल, तर वजावट धरण्यापूर्वी तुमची मर्यादा ₹८६,५००. वाईट वाटले तरी हिशेब सरळ आहे. खरा फटका बसतो तो एकरकमी नोंदीत. समजा सगळ्या दागिन्यांचा मिळून विमा ₹५ लाखांचा आहे आणि घरातल्या दागिन्यांची आजची किंमत ₹८ लाख भरते. पॉलिसीत सरासरीची अट असेल तर कंपनी म्हणते, तुम्ही ५/८ एवढाच विमा घेतला, बाकीचा धोका तुमचा. मग ₹१,११,६५२ च्या नुकसानीचे ५/८ म्हणजे सुमारे ₹६९,७८० हाती येतात. विमा पाच लाखांचा असूनही. सोने चढत असताना वर्षानुवर्षे त्याच रकमेवर नूतनीकरण करणाऱ्यांना ही अट नेमकी दावा करतानाच भेटते.

मूल्यांकन पत्राबद्दल एक सावधगिरी. अंगठी हरवल्यानंतर मूल्यांकनकार ती पाहू शकत नाही. तेव्हा त्याने ‘तपासून पाहिले’ असे लिहिलेले पत्र कधीही जोडू नका. ‘अमुक बिल, प्रमाणपत्र आणि फोटो यांच्या आधारे’ असे स्पष्ट लिहून घ्या. असे पत्र कमजोर नसते. तारखा न जुळणारे पत्र मात्र सगळ्या फायलीवर संशय आणते.

पत्राचा नमुना

पत्र मराठीत लिहायला हरकत नाही. कलमांची आणि विभागांची नावे तेवढी पॉलिसीत छापली आहेत तशीच ठेवा.

> प्रति, दावा विभाग, (कंपनीचे नाव व शाखा)
>
> विषय: पॉलिसी क्र. ……, क्लेम क्र. ……, दागिने विभागांतर्गत यादीतील अनुक्रमांक …… ची हिऱ्याची अंगठी प्रवासात हरवल्याबाबत दावा.
>
> महोदय/महोदया,
>
> वरील पॉलिसी दि. …… ते …… या काळात चालू असून तिचे संरक्षण भारतभर आहे. घटनेची प्राथमिक माहिती मी दि. …… रोजी ईमेलने दिली आहे.
>
> घटना: दि. …… रोजी मी …… या गाडीने (डबा ……, बर्थ ……) दादरहून कुडाळला जात होते. रात्री गाडीत काढलेल्या फोटोत अंगठी माझ्या बोटात दिसते. सकाळी ७ च्या सुमारास वॉशबेसिनवर हात धुताना ती बोटात होती. साबणामुळे ती सरकल्याचे व मी मागे ढकलल्याचे मला आठवते. ८.१० वाजता ती बोटात नसल्याचे लक्षात आले. या वेळेत मी बर्थ व वॉशबेसिन यांखेरीज कुठेही गेले नाही. बर्थ, चादरी, मार्गिका व बेसिन येथे शोध घेतला, डब्यातील कर्मचाऱ्याकडे चौकशी केली, परंतु अंगठी मिळाली नाही. अंगठी किंचित सैल झालेली असल्याने ती या वेळेत बोटातून निसटून पडली असावी, असे मला वाटते. चोरी झाल्याचे मी पाहिलेले नाही. ८.४० वाजता १३९ वर तक्रार (क्र. ……) व त्याच दिवशी …… पोलीस ठाण्यात नोंद (क्र. ……) केली.
>
> वर्णन: १८ कॅरेट सोने, हॉलमार्क एचयूआयडी ……, एकूण वजन ४.९०० ग्रॅम, निव्वळ सोने ४.८०० ग्रॅम, एक हिरा ०.५० कॅरेट, प्रमाणपत्र क्र. …….
>
> मागणी: घटनेच्या दिवशीची किंमत ₹१,११,६५२ (फोड सोबत). विमा रक्कम ₹८६,५०० असल्याने त्या मर्यादेपर्यंत, पॉलिसीतील वजावट वगळून, भरपाई मिळावी.
>
> या अंगठीसाठी मी अन्य कोणत्याही विमा कंपनीकडे दावा केलेला नाही. ती सापडल्यास आपणांस तत्काळ कळवेन.
>
> सोबत: (१) पॉलिसी व यादीची प्रत (२) बिल (३) हिऱ्याचे प्रमाणपत्र (४) फोटो (५) प्रवासाचे तिकीट (६) रेल्वे तक्रार (७) पोलीस नोंद (८) सराफाचे दरपत्रक व किमतीची फोड (९) सहप्रवाशाचे स्वाक्षरीचे निवेदन.
>
> आणखी कागद हवे असल्यास त्यांची यादी कृपया एकदाच व लेखी कळवावी.

मूळ कागद स्वतःकडे ठेवा आणि स्वसाक्षांकित प्रती द्या. हे पत्र एकाच पानात मावते. अंगठीशी जोडलेल्या भावना त्यात नाहीत, कारण सर्व्हेअरच्या अहवालात त्यांच्यासाठी रकाना नसतो.

पत्र गेल्यानंतर: तुमचे हक्क

विमा नियामकाच्या जून २०२४ च्या मुख्य परिपत्रकाप्रमाणे, सर्व्हेअर लागणार असेल तर दावा कळवल्यापासून २४ तासांत तो नेमायचा असतो. त्याचा अहवाल १५ दिवसांत यायला हवा, आणि अहवाल मिळाल्यावर सात दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा असतो. कागदपत्रे नाहीत एवढ्याच कारणाने दावा नाकारता येत नाही. दाव्याशी संबंधित आणि आवश्यक तेवढेच कागद मागता येतात. सर्व्हेअर भेटेल तेव्हा आपल्या पत्राची प्रत समोर ठेवूनच बोला आणि सर्व्हे अहवालाची प्रत मागा.

नकार आला तर तो लेखी, पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली आहे हे नमूद करून मागा. रक्कम कमी आली तर ‘पूर्ण व अंतिम’ अशा पावतीवर सही करण्यापूर्वी ‘हक्क राखून’ असे लिहा. अशा पावत्यांचा उपयोग विमाधारकाची पुढची दाद अडवण्यासाठी करू नये, असे नियामकाने २०१५ मध्येच कंपन्यांना कळवले आहे. मग क्रमाने:

- आधी कंपनीचा तक्रार निवारण विभाग. सोबत ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ वर नोंद.
- महिनाभरात उत्तर नाही किंवा उत्तर पटले नाही, तर विमा लोकपाल. मुंबई आणि पुणे येथे कार्यालये आहेत. शुल्क नाही, वकील लागत नाही, ₹५० लाखांपर्यंतचा निवाडा होऊ शकतो. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जा.
- किंवा जिल्हा ग्राहक आयोग. तिथे मुदत दोन वर्षांची. ग्राहक आयोगात प्रकरण चालू असताना लोकपालाकडे जाता येत नाही, म्हणून एवढ्या रकमेसाठी आधी लोकपाल हाच सोयीचा मार्ग.

आणि भरपाई मिळाल्यावर अंगठी सापडली तर? पैसे दिले की त्या वस्तूवर कंपनीचा हक्क येतो. सापडल्याचे लगेच लेखी कळवा आणि दोन पर्याय विचारा: अंगठी कंपनीच्या हवाली करायची, की भरपाई परत करून ती स्वतःकडे ठेवायची. विमा रक्कम बाजारभावापेक्षा कमी असेल, तर वरच्या उदाहरणातल्याप्रमाणे ₹८६,५०० च्या आत मिळालेले पैसे परत करून ₹१,११,६५२ ची अंगठी ठेवणे केव्हाही फायद्याचे. तसा पर्याय हवा असल्याचे त्याच पत्रात स्पष्ट लिहा.